डबल डायगोनल: निफ्टी रेंजमध्येच राहिला, तरी तोटा का? या चुका टाळा

दादरचे एक ओळखीचे ट्रेडर मंगळवारी दुपारी मोबाइल पुढे करून म्हणाले, "निफ्टी जागचा हलला नाही, विकलेले कॉल-पुट शून्यावर आले, तरी माझं खातं लाल कसं?" त्यांनी डबल डायगोनल लावला होता, म्हणजे जवळच्या एक्स्पायरीचे कॉल-पुट विकून लांबच्या एक्स्पायरीचे आणखी दूरच्या स्ट्राइकचे घेतले होते, आणि त्याच्याकडे ते आयर्न कॉन्डर म्हणूनच बघत होते. या स्ट्रॅटेजीतली सगळ्यात महागडी चूक हीच आहे.

एक उदाहरण घेऊ. निफ्टी 25,000 वर आहे, सगळीकडे आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली अपेक्षित चढउतार, 12 टक्के धरू. सात दिवसांनी संपणारे 25,300 कॉल आणि 24,700 पुट विकले, मिळाले साधारण 114 पॉइंट. अठ्ठावीस दिवस बाकी असलेले मंथली 25,600 कॉल आणि 24,400 पुट घेतले, लागले 229. म्हणजे खिशातून 115 गेले. (ब्लॅक-शोल्सने काढलेले अंदाजी भाव आहेत, व्याज सोडून. प्रत्यक्षात पुटची आयव्ही सहसा चढी असते.) आयर्न कॉन्डरमध्ये तेच 25,600 आणि 24,400 चालू आठवड्याचे घेतले असते तर 27 पॉइंट लागले असते आणि 87 हातात आले असते.

आता व्हेगा बघा. आयव्ही एक टक्का पडली तर कॉन्डरला साधारण 12 पॉइंट मिळतात आणि डायगोनलचे 21 जातात. रेंजचा अंदाज दोघांचाही एकच, पण आयव्हीवरची पैज उलटी. कॉन्डरवाल्याला आयव्ही पडलेली हवी, डायगोनलवाल्याला टिकलेली किंवा वाढलेली.

आठवड्याने निफ्टी बरोबर 25,000 वर बंद झाला तर कॉन्डरवाल्याचे 87 पक्के, आयव्ही काहीही असो. डायगोनलवाल्याचा नफा मात्र हातातल्या मंथली ऑप्शनचा भाव काय येतो यावर ठरतो. आयव्ही 12 वरच असेल तर ते दोन्ही मिळून 163 ला विकले जातील, म्हणजे 48 चा नफा. आयव्ही 10 वर आली असेल तर जेमतेम 100 येतील आणि 15 चा तोटा. ओळखीच्या त्या ट्रेडरांचं अगदी हेच झालं होतं.

ॲपवरच्या पेऑफ ग्राफवर विसंबणं ही इथूनच येणारी दुसरी चूक. एक्स्पायरीच्या मंगळवारचा तंबूसारखा दिसणारा नफा बहुतेक वेळा आजचीच आयव्ही धरून काढलेला असतो. ग्राफमध्ये आयव्ही बदलायची सोय असेल तर ती दोन टक्क्यांनी खाली ओढून बघा. मधला भाग शून्याखाली गेला, तर तुमचा ट्रेड रेंजपेक्षा आयव्हीवर जास्त उभा आहे. शिवाय आठवडा सरतो तसा विकलेल्या पायांचा व्हेगा विरत जातो. सुरुवातीला 21 असलेला निव्वळ व्हेगा एक्स्पायरीच्या सुमाराला 34 च्या आसपास पोचतो. थीटा खाऊन झाल्यावर जोखीम कमी झाली असं वाटतं, पण व्हेगाची तर वाढलेली असते.

म्हणून इंडिया व्हीआयएक्स चढलेला असताना, विशेषतः आरबीआयच्या पतधोरणाच्या किंवा बजेटच्या आदल्या दिवशी, डायगोनल लावू नका. वीकली प्रीमियम फुगलेला असतो म्हणून मोह होतो. घोषणा झाली की वीकली आयव्ही जास्त पडते हे खरं, पण मंथलीचा व्हेगा दुप्पट असल्याने तिची थोडी घसरणही जास्त लागते. वरच्याच पोझिशनमध्ये वीकली तीन आणि मंथली दोन टक्के पडली, तर व्हेगाच्या ढोबळ हिशोबाने 63 मिळतात आणि 86 जातात. अशा वेळी रेंजवर विश्वास असेल तर कॉन्डर बरा. डायगोनल शोभतो तो व्हीआयएक्स त्याच्या अलीकडच्या पातळ्यांच्या तळाशी असताना.

तोटा नेमका कुठून आला हे ताडायचं असेल तर मंथली पायांचा भाव जुन्या आयव्हीने पुन्हा काढा आणि बाजारभावाशी ताडून बघा. वरच्या उदाहरणात 163 आणि 100 मधले 63 पॉइंट आयव्हीने नेले. हा फरक किरकोळ असेल तर दोष स्ट्राइकच्या निवडीत शोधा. विकलेले स्ट्राइक फार लांब नेले, 25,500 आणि 24,500 वर, आणि मंथली 25,800 आणि 24,200 घेतले, तर आयव्ही न हलताही मध्यभागी पाचेक पॉइंटचा तोटा निघतो. कारण मिळालेले 46 मंथलीच्या झिजेला पुरत नाहीत.

भरलेले 115 हाच कमाल तोटा, असं समजणारेही बरेच आहेत. तसं नाही. स्ट्राइकमधलं 300 चं अंतरही त्यात मिळवावं लागतं, म्हणजे वाईटात वाईट 415. निफ्टी एक्स्पायरीला 26,000 वर गेला, तर मंथलीत उरलेली टाइम व्हॅल्यू धरूनही सुमारे 275 चा फटका बसतो. कॉन्डरचा कमाल तोटा 213.

शेवटचं मार्जिनचं. फेब्रुवारी 2025 पासून सेबीच्या नियमानुसार, त्या दिवशी संपणाऱ्या काँट्रॅक्टला एक्स्पायरीच्या दिवशी कॅलेंडर स्प्रेडची सवलत मिळत नाही. विकलेले वीकली पाय मंगळवारपर्यंत ठेवले तर मंथलीचा आधार धरला जात नाही आणि मार्जिन उडी मारतं. त्यामुळे सोमवारी बाजार बंद व्हायच्या आत ते पाय कापा किंवा पुढच्या आठवड्यावर न्या. पुढे नेताना मंथलीची आयव्ही पुन्हा बघा. ती पडलेली असेल आणि अजून पडेल असं वाटत असेल, तर चारही पाय सोडा.