महागड्या औषधासाठी डॉक्टरांचं पत्र: नकाराच्या कारणालाच उत्तर द्या

अमेरिकेत संधिवातासाठी अ‍ॅडालिमुमॅबसारखं इंजेक्शन लिहून दिलं की विमा कंपनी अनेकदा ‘आधी स्वस्त औषध घेऊन बघा’ म्हणून नकार देते. अशा वेळी डॉक्टर औषधाची वैद्यकीय गरज सांगणारं पत्र देतात. ‘रुग्णाला याची नितांत गरज आहे’ एवढ्यावर मात्र ते पत्र टिकत नाही.

आधी कंपनीकडून ते औषध मंजूर करण्याचे लेखी निकष मागून घ्या. नकाराविरुद्ध दाद मागताना ते फुकट मिळतात, तो तुमचा हक्क आहे. मग पत्रात त्या निकषांना एकेक करून उत्तर हवं.

समजा, निकष आहे ‘आधी तीन महिने मेथोट्रेक्सेट हे स्वस्त औषध’. तर ‘मेथोट्रेक्सेट लागू पडलं नाही’ हे वाक्य अपुरं आहे. ‘जानेवारी ते मे, आठवड्याला 20 मिलिग्रॅम, तरी नऊ सांधे सुजलेले, पुढे यकृताची एन्झाइम्स वाढल्याने बंद’ असं लिहिलेलं हवं. सोबत रक्ततपासणीचे अहवाल आणि आजाराचा नेमका कोड, उदाहरणार्थ M05.79. नकारपत्रावरचा कोड पत्रातल्या कोडशी जुळतो का, हेही बघाच. कित्येकदा घोळ तिथेच असतो.

डॉक्टरांना जुनी औषधं आठवतीलच असं नाही, विशेषतः ती भारतात घेतली असतील तर. तारखा, डोस आणि बंद करण्याचं कारण एका कागदावर लिहून द्या, जुनी प्रिस्क्रिप्शन्स जोडा.

दाद मागायला सहसा नकारापासून 180 दिवस मिळतात. उशिरामुळे जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका असेल, तर डॉक्टरांना तातडीचा अर्ज करायला सांगा. त्याचा निर्णय 72 तासांत द्यावा लागतो.