भरतीचा व्हिडिओ लिहायचाय? पगाराचं वाक्य आधी लिहा

छोट्या कारखान्यासाठी सीएनसी ऑपरेटर हवाय आणि स्क्रिप्ट तुमच्याकडे आलीय, तर मालकांच्या मनोगतापासून सुरू करू नका, कारण बघणाऱ्याला आधी दोनच गोष्टी हव्या असतात, मशीन कुठलं आणि हातात किती पडणार. मी तरी पगाराचंच वाक्य आधी लिहिते. दीड मिनिटाच्या व्हिडिओत साधारण दीड-पावणेदोनशे शब्द बसतात, त्यात गुळमुळीत बोलायला जागाच नसते.

'अमुकपर्यंत कमवा' असं लिहायचं नाही. त्या 'पर्यंत'मध्ये महिनाभराचा ओव्हरटाइम धरलेला असतो आणि पहिला पगार झाला की माणूस निघून जातो. मी असं लिहिते: "आठ तासांच्या शिफ्टचा पगार एवढा, कपात होऊन हातात एवढे. ओव्हरटाइमचा दर वेगळा, पण तो ऑर्डर असेल तेव्हाच, दर महिन्याला धरू नका." हे आकडे स्क्रीनवर चार-पाच सेकंद थांबू द्या, लोक स्क्रीनशॉट काढून घरी दाखवतात.

कामाची जागा दाखवताना मागे गाणं लावू नका, मशीनचा खरा आवाज राहू द्या. हातभर अंतरावरच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर असू शकतो, मग ऑपरेटरच्या कानात प्लग दिसलेच पाहिजेत. शॉट साधा ठेवा, तो दार उघडतो, कूलंट निथळतंय, जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, काढून त्याला मायक्रोमीटर लावतो, आणि आवाज त्याचाच, "दिवसभर उभं राहायचं काम आहे, कपड्यांना कूलंटचा वास लागतो." आणि हो, शूटिंगआधी एकदा फिरून बघा, लेथवर जॉब धरून फिरणाऱ्या चकजवळ कोणी हातमोजे घालून उभा असेल तर जाणकार टर्नर तेवढ्यावरूनच ओळखतो की इथे सेफ्टी नाही, कारण हातमोजा अडकला की हात आत ओढला जातो. तिथे नुसता कॅमेरा वळवू नका, ती सवय आधी मोडा मग शूट करा.

पुढे जाण्याबद्दल खरं सांगायचं तर छोट्या कारखान्यात सुपरवायझरची खुर्ची एकच असते आणि तिच्यावर कोणीतरी बसलेलं असतं. त्यामुळे पदाचं आमिष नको, कामाचं बोला. आधी ऑपरेटर, मग स्वतः टूल ऑफसेट घेऊन, म्हणजे टूलचं माप मशीनला देऊन, सेटिंग करणारा सेटर, मग प्रोग्राम लिहिणारा, आणि प्रत्येक टप्प्याला पगार किती वाढतो तेही सांगा. हे तिथल्याच सेटरच्या तोंडून येऊ द्या, त्याला पाठ करायला लावू नका, "सेटिंग कोणी शिकवलं, पगार कधी वाढला" एवढंच विचारा आणि कॅमेरा चालू ठेवा. वाढ कधी झालीच नसेल तर हा भाग सरळ काढून टाका.

शेवटी फोन नंबर आणि ट्रायलचं एक वाक्य: "ड्रॉइंग आम्ही देतो, जॉब करून दाखवा, ट्रायलच्या दिवसाचे पैसे मिळतील." हे वाक्य मालकांकडून कबूल करून घेतल्याशिवाय स्क्रिप्टमध्ये टाकू नका.