लायसन्सच्या टेस्टसाठी रजेचा अर्ज : लिहायच्या आधी काय काय हाताशी हवं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशोब लिहिणाऱ्या एका पोराचं उदाहरण घेऊ. चारचाकीचं लर्निंग १० फेब्रुवारीला निघालं. आता पक्क्या लायसन्सची टेस्ट द्यायची आणि त्यासाठी मालकांकडे एक दिवस मागायचा. मागणं एवढंसंच आहे, पण अर्ज लिहायला बसण्याआधी तारीख कुठून कुठपर्यंत सरकू शकते ते बघून ठेवायला हवं.

त्यासाठी लर्निंगचा कागद समोर घ्या. लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्की टेस्ट देता येत नाही आणि लर्निंग चालतं सहा महिने. म्हणजे या पोराला मार्चच्या मध्यापासून ९ ऑगस्टपर्यंत मोकळं रान आहे. मार्च-एप्रिलला यार्डात हळदीच्या पोत्यांमधून वाट काढावी लागते. तेव्हा रजा मागणं म्हणजे नकार मागून घेणं. पण जुलैअखेरपर्यंत ढकलणंही बरं नाही. नापास झालात तर पुन्हा टेस्टला किमान सात दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात लर्निंग संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे जूनचा मध्य उत्तम. वारही असा धरा, की त्या दिवशी सौद्यांचा जोर कमी असेल. तुमची आठवड्याची सुट्टी आरटीओच्या कामाच्या वारी येत असेल तर आधी त्याच दिवसाचा स्लॉट मिळतो का बघा. मिळाला तर अर्जाची गरजच नाही.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी मालकांच्या कानावर घाला, "मालक, सोळा-सतराच्या सुमारास टेस्टची तारीख घेऊ का?" हो म्हणाले की मग `sarathi.parivahan.gov.in` वर स्लॉट घ्या, त्याची प्रिंट काढा आणि अर्ज सगळ्यात शेवटी. बरेच जण आधी स्लॉट घेऊन मोकळे होतात आणि आदल्या संध्याकाळी अर्ज पुढे करतात. मग मालकांचं तोंड वाकडं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

दिवस पूर्ण मागावा. स्लॉटवर वेळ छापलेली असते, पण कागद तपासणं, रांग आणि मग ट्रॅक, यात दुपार कधी होते कळत नाही. "दोन तासांत येतो" असं लिहून चारला उगवण्यापेक्षा पूर्ण रजा टाकून लवकर आलेलं चांगलं. आजारपणाचं कारण तर लिहूच नका; लायसन्स कधी निघालं ती तारीख कार्डावरच छापलेली असते.

दुसरी गोष्ट गाडीची. टेस्टला गाडी आपलीच न्यावी लागते, आरसी, विमा आणि पीयूसी चालू असलेली, आणि शेजारी लायसन्सवाला माणूस हवा. हा माणूस दुकानातलाच तोलारभाऊ असेल, तर एका अर्जात दोन माणसं गायब होतात. तसं करू नका. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी असली तर हा प्रश्नच मिटतो.

रजा कुठल्या खात्यातली, तेही लिहा. ज्या दुकानांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे, तिथे वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी मिळतात, पण त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात. आपल्या खात्यावर आज किती शिल्लक आहेत ते रजिस्टरात बघूनच "किरकोळ रजा" म्हणा. शिल्लक नसेल तर बिनपगारी चालेल असं सरळ लिहावं.

मग अर्ज इतकाच पुरतो:

"मा. मालक यांस,
विषय : दि. १६ जून, मंगळवार, एक दिवस किरकोळ रजेबाबत.
स. न. वि. वि. माझी चारचाकी लायसन्सची पक्की टेस्ट वरील तारखेला आरटीओ कार्यालयात आहे. स्लॉटची प्रत सोबत जोडली आहे. सोमवारपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या पूर्ण करून ठेवतो. मंगळवारची आवक-जावक तोलारभाऊ कच्च्या वहीत लिहून ठेवतील, ती मी बुधवारी सकाळी पक्की करीन. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे देतो. टेस्ट चालू असताना फोन बंद राहील, बाकी वेळ लागेल. कार्यालयाने तारीख बदलली तर लगेच कळवीन. तरी रजा मंजूर व्हावी, ही विनंती.
आपला नम्र,"

यातली पट्ट्यांची ओळ सगळ्यात जास्त कामाची आहे. शेतकरी पट्टी घ्यायला आला आणि ती तयार नसली, तर बोलणी मालकांना बसतात. म्हणून ती ओळ नुसती लिहून भागत नाही. सोमवारी दिवा लावून बसावं लागलं तरी पट्ट्या उरकायच्या. "नापास झालो तर पुन्हा रजा लागेल" हे मात्र अर्जात नको. तशी वेळ आलीच तर नवा स्लॉट, नवा अर्ज.

अर्ज चार-पाच दिवस आधी हातात द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या आणि रजिस्टरात नोंद झाली का तेवढं डोळ्यांनी बघून घ्या.