बिलोरी: विवाह छायाचित्रणाच्या स्टुडिओचे नाव ठरवताना

स्टुडिओ सुरू केला तेव्हा मी त्याचे नाव ‘क्षणचित्रे’ ठेवले होते. पुढे पाहिले, तर शहरातील निम्म्या स्टुडिओंच्या नावांत क्षण, आठवण, फ्रेम, लेन्स किंवा क्लिक यांपैकी एखादा शब्द होताच. दुसरी अडचण अधिक महागात पडली. रोमन लिपीत कोणी kshanchitre लिहीत असे, कोणी kshanachitre, तर कोणी xanchitre. साधे नाव आधीच कोणीतरी घेतलेले असल्यामुळे आमच्या इन्स्टाग्राम खात्याच्या नावात अधोरेषा आणि official हा शब्द जोडावा लागला होता. एका लग्नानंतर वधूच्या बहिणीने आमची छायाचित्रे टाकताना चुकून दुसऱ्याच स्टुडिओला टॅग केले आणि त्या छायाचित्रांवरून आलेली विचारणा त्यांच्याकडे गेली.

या व्यवसायात बरेचसे काम तोंडी शिफारशीतून येते. मांडवातल्या गोंगाटात एक पाहुणा दुसऱ्याला नाव सांगतो आणि तो घरी जाऊन ते शोधतो. म्हणून नाव एकदा ऐकून बरोबर लिहिता येते का, हीच मला खरी कसोटी वाटते. दुसऱ्या वेळी, नवे नाव निवडताना, मी व्यवसायाबाहेरच्या दहा जणांना फोनवर नाव एकदाच सांगितले आणि ऐकू आले तसे रोमन लिपीत लिहून पाठवायला लावले. माझ्या मनात ‘कंदील’ होते. लहान, प्रकाशाशी नाते सांगणारे. पण तिघांनी candid लिहून पाठवले. ‘कँडिड फोटोग्राफी’ हा आमच्याच धंद्यातला रुळलेला शब्द असल्यामुळे तो आधी कानात शिरत होता, म्हणून जड मनाने ते नाव सोडले. त्यानंतरचे ‘बिलोरी’ मात्र नऊ जणांनी bilori असेच लिहिले. बिलोरी म्हणजे स्फटिकाचे, त्यामुळे भिंगाशी त्याचे नाते आपोआप जुळते, तरी ‘लेन्स’ हा शब्द वापरावा लागत नाही.

स्वतःचे नाव द्यावे, असेही काहींनी सुचवले. एकट्याने काम करणाऱ्याला ते शोभते. पण एकाच मुहूर्तावर दोन लग्ने आली आणि दुसरीकडे सहकारी पाठवला, की ग्राहकाला आपली फसवणूक झाली असे वाटते.

नाव आवडल्यावर लगेच पाटी करायला देऊ नये. आधी व्यापारचिन्हांच्या नोंदी पाहाव्यात. छायाचित्रण सेवा ४१ व्या वर्गात येते. तेथे केवळ स्पेलिंग तपासून भागत नाही, कारण उच्चारात सारख्या असलेल्या नावावरही आक्षेप येऊ शकतो. शिवाय ‘वेडिंग फोटोग्राफी’सारख्या निव्वळ वर्णनपर शब्दांवर एकट्याचा हक्क सांगता येत नाही, त्यामुळे वेगळेपण उरलेल्या शब्दातच असावे लागते. त्यानंतर संकेतस्थळाचे आणि खात्याचे नाव एकाच दिवशी घ्यावे. नुसते bilori मिळाले नाही, तेव्हा आम्ही अंक किंवा अधोरेषा न घालता पुढे weddings जोडले, कारण अधोरेषा बोलून सांगता येत नाही.