पेंडिंग ऑर्डरची तपासणी ऑटोमेट करायचा मेल लिहिताय? या चुका टाळा

ऑनलाइन विक्री करणाऱ्या बहुतेक कंपन्यांत सकाळी एक कंटाळवाणं काम चालतं. ऑपरेशन्सच्या टीममधलं कुणीतरी अ‍ॅडमिन पॅनल उघडतं, ‘पेंडिंग’चा फिल्टर लावतं आणि एकेक ऑर्डर पेमेंट गेटवेच्या डॅशबोर्डवर शोधत बसतं. ग्राहकाचे पैसे आलेत, पण गेटवेकडून आपल्या सर्व्हरला येणारा निरोप मध्येच हरवल्यामुळे ऑर्डर पुढे सरकलेली नाही, असं दिसलं की ती हाताने पुढे ढकलायची. शेजारी बसलेल्या इंजिनिअरला हे बघवत नाही आणि तो मॅनेजरला मेल टाकतो: ‘पायथॉन स्क्रिप्ट लिहून हे पूर्ण ऑटोमेट करता येईल, दोन दिवस द्या.’ उत्तर येतं, ‘नंतर बघू.’

या मेलमध्ये स्क्रिप्ट आहे, काम नाही, हीच त्यातली सगळ्यात मोठी चूक. सकाळच्या तपासणीत खरं तर दोन कामं असतात: अडकलेली ऑर्डर शोधणं आणि तिचं काय करायचं ते ठरवणं. समजा रोज 40 ऑर्डर पेंडिंग दिसतात. त्यातल्या 25 कॅश ऑन डिलिव्हरीच्या, फोनवर खात्री व्हायची आहे म्हणून थांबलेल्या. 10 दुकानदारांच्या उधारीवरच्या. त्या पेंडिंगच असायला हव्यात. खरोखर अडकलेल्या उरल्या 5. बघणाऱ्या ताईंना हे पाठ असतं, पण कुठे लिहिलेलं नसतं. ‘पूर्ण ऑटोमेट’ वाचलं की मॅनेजरच्या डोळ्यासमोर उधारीच्या ऑर्डर आपोआप रद्द झालेल्या दिसतात, आणि ती भीती रास्त आहे. म्हणून आधी एक-दोन सकाळी त्या ताईंच्या शेजारी बसा, कोणती ऑर्डर त्या का सोडून देतात ते विचारा, आणि मेलमध्ये फक्त शोधण्याचं काम मागा. ठरवणं त्यांच्याकडेच राहू द्या.

दुसरी चूक क्वेरीतली, पण ती मेलमध्येच पकडली जाते. ‘कालच्या पेंडिंग ऑर्डर काढू’ असं लिहिलंत, तर तीन दिवसांपूर्वी अडकलेली ऑर्डर यादीत कधीच येणार नाही. माणूस पूर्ण यादी बघतो, त्यामुळे त्याच्या नजरेतून ती सुटत नाही. शिवाय सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी आदलाच दिवस चालू असतो, मग ‘काल’ नेमका कोणता? तारीख सोडा, ऑर्डरचं वय धरा. पोस्टग्रेसमध्ये असं:

```sql
SELECT id, created_at, payment_mode
FROM orders
WHERE status = 'PENDING'
  AND payment_mode NOT IN ('COD', 'CREDIT')
  AND created_at < NOW() - INTERVAL '2 hours'
ORDER BY created_at;
```

इथे `created_at` टाइमझोनसकट साठवलेला असावा; नसेल तर साडेपाच तासांचा घोळ इथेही शिरू शकतो. क्रॉनचंही तसंच. यूटीसीवरच्या सर्व्हरला `0 9 * * *` दिलंत तर यादी दुपारी अडीचला येईल. सकाळी नऊला हवी असेल तर `30 3 * * *`.

तिसरी चूक: ‘अडकलेली ऑर्डर असेल तरच मेल येईल.’ ऐकायला छान वाटतं. पण एखाद्या सकाळी मेल आला नाही, तर सगळं ठीक आहे की डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यामुळे स्क्रिप्टच मेली आहे, हे कळणार कसं? यादी रिकामी असली तरी ‘आज 0 अडकलेल्या, एकूण पेंडिंग 38’ एवढा निरोप रोज यायलाच हवा. एकूण आकडा मुद्दाम घ्या. एरवी 40 च्या आसपास असणारा आकडा एकदम 0 झाला, तर बहुधा कुणीतरी स्टेटसचं नाव बदललंय.

मग मेल कसा असावा? साधारण असा:

‘रोज सकाळी ताईंचा पाऊण तास अडकलेल्या ऑर्डर शोधण्यात जातो. ती यादी नऊ वाजता त्यांना मेलवर मिळेल अशी सोय मी करतो. ऑर्डरवर कारवाई स्क्रिप्ट करणार नाही; डेटाबेसची फक्त वाचण्याची परवानगी हवी आहे. पहिले दोन आठवडे हाताची तपासणीही चालू ठेवू आणि रोज दोन्ही याद्या जुळवू. यादीची जबाबदारी माझी, मी रजेवर असेन तेव्हा कोण बघेल ते टीम लीडशी बोलून कळवतो.’

त्या दोन आठवड्यांत फरक निघेलच, तेव्हा तो कोणत्या बाजूने आहे ते बघा. स्क्रिप्टच्या यादीत जास्तीच्या ऑर्डर असतील तर एखादा सोडून द्यायचा नियम राहिलाय. ताईंना विचारून क्वेरीत घाला, फार गंभीर नाही. पण ताईंना गेटवेच्या डॅशबोर्डवर सापडलेली ऑर्डर स्क्रिप्टला दिसली नसेल, तर थांबा. बऱ्याचदा अशी ऑर्डर ‘पेंडिंग’मध्ये नसतेच. पेमेंटची मुदत संपली म्हणून सिस्टिमने ती ‘फेल्ड’ केलेली असते आणि यूपीआयचे पैसे मागाहून आलेले असतात. मग फक्त `orders` बघून भागत नाही, गेटवेची सेटलमेंट फाइलही जुळवावी लागते. ते दोन दिवसांचं काम नाही, हे मॅनेजरला तेव्हाच वेगळ्या मेलने सांगा.