अंदाजपत्रकाच्या सुरुवातीची शब्दसूची: या चुका टाळा

मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांच्या स्थायी समितीत 16 सदस्य असतात आणि त्यातले निम्मे दरवर्षी बदलतात. म्हणजे आयुक्तांचे अंदाजपत्रक समितीपुढे येते तेव्हा ते पहिल्यांदाच हातात घेणारे सदस्य दरवर्षी असतात. काही शे पानांचे बाड, बारीक टायपातले तक्ते आणि चर्चेला थोडेच दिवस. त्यांच्यासाठी सुरुवातीला चार-सहा पानांची शब्दसूची आणि 'हे अंदाजपत्रक कसे वाचावे' असे मार्गदर्शन छापले जाते. ती पाने कामाची झाली नाहीत, तर सदस्य आपल्या प्रभागातली कामे शोधतात, तिथे खूण करतात आणि बाकीचे बाड बंद ठेवतात.

यातल्या बहुतेक चुका लेखा विभागाच्या टेबलावरच दुरुस्त करता येतात.

शब्दाचा अर्थ दिला, पण आकड्याचा नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नेहमीची नोंद अशी असते: "तरतूद – अंदाजपत्रकात एखाद्या बाबीसाठी ठेवलेली रक्कम." वाक्यात चूक काहीच नाही. पण नव्या सदस्याला ते काहीच सांगत नाही, कारण एवढे त्याला आधीच माहीत असते.

उदाहरण घेऊ. नदीवरच्या एका पुलाचे काम 48 कोटींचे आहे, तीन वर्षे चालणार आहे. यंदाच्या तक्त्यात पुलासमोर 6 कोटींची तरतूद दिसते. नवा सदस्य समजतो, यंदा 6 कोटींचे काम होणार. प्रत्यक्षात गेल्या वर्षी झालेल्या कामाची 5 कोटींची बिले अजून द्यायची आहेत. ती याच तरतुदीतून जाणार, म्हणजे यंदाच्या कामाला उरतो 1 कोटी. आता एखाद्याने "पुलाचे काम तर रेंगाळलेच आहे, त्यातले 3 कोटी प्रभागातल्या रस्त्यांना द्या" असा वर्गीकरणाचा प्रस्ताव आणला आणि तो मंजूर झाला, तर झालेल्या कामाची बिले थकतात. ठेकेदार काम थांबवतो आणि पुढच्या अंदाजपत्रकावर तेच देणे पुन्हा येऊन बसते. सदस्याने दुष्टपणाने काही केले नाही. सूचीने त्याला दायित्व या शब्दाकडे वळवलेच नव्हते.

तीच नोंद अशी लिहून पाहा: "तरतूद – या कामावर 1 एप्रिल ते 31 मार्च या काळात जास्तीत जास्त किती पैसे देता येतील तो आकडा. ही कामाची पूर्ण किंमत नव्हे. कामाची किंमत स्तंभ 4 मध्ये आणि मागील बिलांचे देणे, म्हणजे दायित्व, स्तंभ 7 मध्ये पाहा. तरतुदीतून दायित्व वजा केल्यावर उरते तेवढ्याचेच नवे काम यंदा होऊ शकते." चार वाक्ये झाली, पण वाचणाऱ्याला वजाबाकी करता आली. तक्त्यात दायित्वाचा स्तंभच नसेल, तर शब्दसूची कितीही चांगली लिहिली तरी उपयोग नाही. आधी स्तंभ वाढवा.

'सुधारित अंदाज' कोणत्या तारखेपर्यंतचा, हे न सांगणे

जमेच्या बाजूला सहसा चार आकडे शेजारी असतात: मागील वर्षाचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. नवखा वाचक 'सुधारित' म्हणजे पक्का आकडा असे धरून चालतो. तो पक्का नसतो. वर्ष संपायच्या आधी, हाती असलेल्या काही महिन्यांच्या जमेवर उरलेल्या महिन्यांचा अंदाज मिळवून तो केलेला असतो.

समजा, पाणीपट्टीचा मूळ अंदाज 60 कोटी होता, सुधारित 45 झाला आणि येत्या वर्षी 66 कोटी धरले आहेत. मूळ अंदाजाशी तुलना केली तर वाढ दहा टक्के, अगदी माफक वाटते. सुधारित अंदाजाशी केली तर जवळजवळ 47 टक्के. आता डिसेंबरअखेर प्रत्यक्ष जमा 28 कोटी असेल, तर 45 गाठायलाही उरलेल्या तीन महिन्यांत 17 कोटी यावे लागतात. मार्चमध्ये वसुलीचा जोर असतो हे खरे, तरीही एवढी वसुली कशावरून धरली हे सदस्याने विचारायलाच हवे. म्हणून सूचीत एक ओळ हवी: "सुधारित अंदाजात अमुक तारखेपर्यंतची प्रत्यक्ष जमा धरली आहे, ती रक्कम परिशिष्टात दिली आहे." तारीख लिहायला लेखा विभाग कधीकधी कचरतो, कारण मग प्रश्न येतात. पण ते प्रश्न समितीत यावेत म्हणूनच तर हे पुस्तक छापले जाते.

शिल्लक म्हणजे हाताशी असलेला पैसा, असे भासवणे

'आरंभीची शिल्लक 310 कोटी' हे वाचून सदस्यांच्या मागण्या वाढतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्यात ठेकेदारांच्या अनामत रकमा 90 कोटी असतील, त्या परत द्यायच्या असतात. शासनाकडून ठरावीक कामासाठी आलेला निधी 140 कोटी असेल, तो दुसरीकडे वळवता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला बंधित भाग, उदाहरणार्थ, पाणी आणि स्वच्छतेपुरताच होता. उरले 80 कोटी. शब्दसूचीत 'शिल्लक' ही एकच नोंद न ठेवता एकूण शिल्लक, बंधित निधी, अनामत आणि वापरता येणारी शिल्लक अशी वजाबाकीच मांडून दाखवावी.

'शिलकी अंदाजपत्रक' या शब्दाबद्दलही तिथेच सांगून टाकावे. जमेचा अंदाज वाढवून धरला की कुठलेही अंदाजपत्रक शिलकी दिसते. त्यावरून महापालिकेची तब्येत कळत नाही.

छोट्या पण रोज नडणाऱ्या गोष्टी

आयुक्तांचे भाषण कोटींत, तपशिलाचे तक्ते हजारांत, आणि 'रक्कम हजारात' ही ओळ फक्त पहिल्या पानाच्या कोपऱ्यात. मग 48,500 हा आकडा कोणी साडेअठ्ठेचाळीस हजार वाचतो, कोणी लाखांत समजून 485 कोटी. खरे उत्तर 4 कोटी 85 लाख. ही ओळ प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापावी.

सूची अकारविल्हे लावण्याचा मोहही टाळावा. जमेची पाने वाचणाऱ्याला जमेचेच शब्द एकत्र हवे असतात. पुस्तकाचे भाग ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने शब्द द्या, आणि प्रत्येकापुढे तो पहिल्यांदा कुठे येतो ते पान. पान क्रमांक छपाईच्या शेवटच्या फेरीत सरकतात, तेव्हा ते सगळ्यात शेवटी भरा. गेल्या वर्षीची सूची जशीच्या तशी चिकटवली, तर बदललेली लेखाशीर्षेही जुनीच राहतात, आणि एक क्रमांक चुकला की वाचक बाकीच्या क्रमांकांवरही भरवसा ठेवत नाही.

छपाईआधी एक चाचणी

लेखा विभागाबाहेरच्या एखाद्या कर्मचाऱ्याला, उद्यान किंवा आरोग्य विभागातल्या, कच्ची प्रत द्या आणि तीन प्रश्न विचारा. अमुक पुलाचे यंदा किती नवे काम होईल? पाणीपट्टीचा अंदाज कशाच्या तुलनेत किती वाढला? शिल्लक रकमेतले किती पैसे समितीला खरोखर वापरता येतील? त्याला जवळ बसून काही समजावू नका. तो कोणत्या पानावर थांबतो, कुठे मागे जातो, कोणता स्तंभ चुकून वाचतो, तेवढे लिहून घ्या. तो जिथे अडला तिथली नोंद पुन्हा लिहा आणि पुढच्या खेपेला ती दुसऱ्याच माणसाला वाचायला द्या, कारण पहिल्याला आता उत्तर माहीत झालेले असते.