कंट्रोलर टेबलावर, तरी नेम सरकतोय? या चुका टाळा

कंट्रोलर फिरवून नेम धरता येतो तो त्यातल्या जायरो सेन्सरमुळे. हा सेन्सर कोन मोजत नाही, फिरण्याचा वेग मोजतो. कंट्रोलर अगदी स्थिर असला तरी त्याचं वाचन नेमकं शून्य येत नाही, आणि ही किंचितशी चूक सेकंदागणिक साठत जाते. कॅलिब्रेशन म्हणजे ती चूक मोजून वजा करणं.

आधी गेममधलं मोशन कंट्रोल बंद करून बघा. तरी नेम सरकत असेल तर दोष स्टिकचा आहे, आणि जायरो कितीही कॅलिब्रेट केलात तरी तो जाणार नाही.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे कंट्रोलर हातात किंवा मांडीवर ठेवून कॅलिब्रेट करणं. माझा भाचा पीसीवर जायरोने नेम धरायला JoyShockMapper हे सॉफ्टवेअर वापरतो, GYRO_SENS म्हणजे सेन्सिटिव्हिटी 3 ठेवून. एका रविवारी तो वैतागून माझ्याकडे आला: कंट्रोलर टेबलावर ठेवला तरी नेम उजवीकडे जातो, आणि चार वेळा कॅलिब्रेट करूनही फरक नाही. घड्याळ लावून पाहिलं तर नव्वद अंश फिरायला चाळीस सेकंद लागले. म्हणजे स्क्रीनवर सेकंदाला सव्वादोन अंश, आणि तिप्पट सेन्सिटिव्हिटी काढून टाकली की सेन्सरपाशी पाऊण अंश. मग त्याला म्हटलं, कॅलिब्रेट कसं करतोस ते दाखव. कंट्रोलर मांडीवर, नजर मोबाइलवर, आणि वीस सेकंदांत मनगट पंधरा अंश डावीकडे वळलेलं. पंधरा भागिले वीस, तोच पाऊण अंश! सॉफ्टवेअरने ते वळणं म्हणजेच शून्य असं धरलं, म्हणून कंट्रोलर स्थिर ठेवल्यावर नेम उलट्या दिशेला जात होता.

मी कंट्रोलर फरशीवर ठेवते. गादी नको, आणि स्पीकर दणाणतोय ते टेबलही नको. मग JoyShockMapper मध्ये पहिली ओळ देते, मनात तीसपर्यंत मोजते आणि दुसरी देते:

```
RESTART_GYRO_CALIBRATION
FINISH_GYRO_CALIBRATION
```

या अर्ध्या मिनिटात कंट्रोलरला हात लावायचा नाही. एवढा धीर नसेल तर जायरोच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्विचवर हेच काम सेटिंग्जमधल्या Calibrate Motion Controls मध्ये होतं, तेही सपाट जागेवरच.

दुसरी चूक घाईची. सेन्सरची चूक तापमानाबरोबर बदलते. एसीत गार पडलेला कंट्रोलर कॅलिब्रेट केला की हातात तापल्यावर नेम पुन्हा सरकू लागतो. मी पंधरा मिनिटं खेळते आणि मगच कॅलिब्रेट करते.

डेडझोन वाढवून सरकणं लपवू नका. नेम थांबेल, पण लांबच्या निशाण्यावर लागणारी बारीक हालचालही त्यातच गिळली जाईल.

आणि अ‍ॅक्सेलरोमीटर हे सावरून घेईल, असं धरून चालू नका. गुरुत्वाकर्षणावरून त्याला वर-खाली झुकणं कळतं, पण डावी-उजवीकडे फिरणं कळत नाही. बहुतेक वेळा नेम आडवाच सरकतो तो यामुळेच.